छिंगमिंग सूर्याचं, चिनी नववर्ष चंद्राचं

प्रश्न: आमचा माल शेन्झेनहून येतो, त्यामुळे चिनी सुट्ट्यांवर नजर ठेवावी लागते. चिनी नववर्ष कधी जानेवारीत तर कधी फेब्रुवारीत येतं, कारण त्यांचं पंचांग चंद्रावर चालतं, एवढं कळतं. मग पूर्वजांच्या कबरी साफ करायचा दिवस असलेलं छिंगमिंग दरवर्षी ४ किंवा ५ एप्रिललाच कसं येतं? आणि ४ की ५, हे कशावरून ठरतं?

उत्तर:

चिनी पंचांग चंद्रावर चालतं, हे अर्धंच खरं आहे आणि तुमचा गोंधळ त्या उरलेल्या अर्ध्यामुळे झाला आहे. त्या पंचांगात दोन मोजण्या शेजारी शेजारी चालतात. एक चंद्राची, अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच्या महिन्यांची. दुसरी सूर्याची, वर्षाचे चोवीस टप्पे पाडणारी. चिनी भाषेत या टप्प्यांना जिएछी म्हणतात, मी इथे सौरटप्पे म्हणेन. नववर्ष, पाचव्या महिन्यातला ड्रॅगन होड्यांचा सण आणि आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा सण पहिल्या मोजणीवर बसतात. छिंगमिंग दुसरीवर. त्याला चंद्राशी काही देणंघेणं नाही.

पंचांगाचं गणित हे माझं रोजचं काम आहे. चिनी गणितही बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे मला हे सगळं आपल्या पंचांगाच्या शब्दांत सांगणं सोपं जातं. आपल्याकडेही असंच आहे. दिवाळी, गणपती, पाडवा हे तिथीवरचे सण, म्हणून ते इंग्रजी तारखेत पुढेमागे सरकतात. मकरसंक्रांत मात्र १४ किंवा १५ जानेवारीला येते, मग त्या दिवशी तिथी कोणतीही असो. छिंगमिंग म्हणजे चिन्यांची एक संक्रांतच समजा. फक्त ती ताऱ्यांवरून मोजलेली, म्हणजे निरयन नाही, ऋतूंना धरून मोजलेली, म्हणजे सायन आहे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

आता सूर्याची जागा म्हणजे नेमकं काय ते पाहू. २०-२१ मार्चच्या सुमारास, दिवस आणि रात्र सारखे असताना, सूर्य वसंतसंपातावर येतो. तो शून्य अंश. तिथून पूर्ण फेरी ३६० अंशांची. तिचे पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस तुकडे केले की चोवीस सौरटप्पे मिळतात. शून्यावर छुनफन, म्हणजे वसंतसंपात. पंधरा अंशांवर छिंगमिंग. तीसवर गुयू, म्हणजे ‘धान्याचा पाऊस’. नव्वदवर सर्वांत मोठा दिवस. दोनशे सत्तरवर दोंगझी, म्हणजे सर्वांत मोठी रात्र. सूर्याचा सायन भोगांश, म्हणजे संपातापासूनचा कोन, ज्या क्षणी बरोबर पंधरा अंश होतो, तो क्षण म्हणजे छिंगमिंग. मोजणी संपातापासून होते, ताऱ्यांपासून नाही, म्हणून ती ऋतूंना घट्ट बांधलेली राहते. आपल्या पंचांगात त्या दिवशी सूर्य अजून मीन राशीत असतो, कारण आपण ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतो आणि दोन्ही आरंभबिंदूंमध्ये आता सुमारे चोवीस अंशांचं अंतर पडलं आहे. आपली मकरसंक्रांत शतकाशतकाने पुढे सरकते आहे. छिंगमिंग तशी सरकत नाही, याचं कारण हेच.

मघाशी मी क्षण म्हटलं, तारीख म्हटलं नाही. ४ की ५, हे त्या क्षणावरूनच ठरतं. २०२३ मध्ये सूर्य पंधरा अंशांवर आला तो बीजिंगच्या घड्याळाने ५ एप्रिलला सकाळी ९:१३ वाजता. तो क्षण ज्या दिवशी पडतो तो अख्खा दिवस छिंगमिंगचा. सौरवर्ष ३६५.२४२२ दिवसांचं आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी हा क्षण जवळपास पाच तास एकोणपन्नास मिनिटं उशिरा येतो. पण २०२४ लीप वर्ष. २९ फेब्रुवारीने आपली तारीख एका दिवसाने मागे खेचली, म्हणून क्षण आला ४ एप्रिलला दुपारी ३:०२ ला. २०२५ मध्ये ४ एप्रिललाच, पण रात्री ८:४८ ला. २०२६ मध्ये मध्यरात्र ओलांडून ५ एप्रिलला पहाटे २:४०. म्हणजे सूर्य आपल्या चालीनेच चालतो आहे, चार वर्षांनी एकदा उडी मारते ती इंग्रजी तारीख.

या शतकासाठी एक छोटं सूत्र वापरात आहे. एक्सेलमध्ये टाकून ठेवा, हाताशी राहील. Y म्हणजे वर्षाचे शेवटचे दोन आकडे.

```
day = INT(0.2422*Y + 4.81) - INT(Y/4)
```

२०२३ साठी 0.2422 गुणिले 23 म्हणजे 5.57. त्यात 4.81 मिळवले की 10.38. पूर्णांक 10. त्यातून 23 भागिले 4 चा पूर्णांक, म्हणजे 5, वजा केला की उत्तर ५ एप्रिल. टाकून दिलेला 0.38 हा दशांश भागही पाहा. दिवसाचा 0.38 भाग म्हणजे सकाळचे नऊ वाजून काही मिनिटं. खरी वेळ ९:१३ होती. म्हणजे हे सूत्र तारखेबरोबर बीजिंगची वेळही अंदाजाने सांगतं. दशांश भाग शून्याच्या किंवा एकाच्या अगदी जवळ आला की समजायचं, क्षण मध्यरात्रीच्या आसपास आहे आणि सूत्रावर विसंबून चालणार नाही. अशा वर्षी ग्रहगणिताच्या तक्त्यातूनच वेळ घ्यायची. चंद्र आणि इतर ग्रहांच्या ओढीमुळे पृथ्वीची चाल काही मिनिटांनी पुढेमागे होते, ते सूत्राला कळत नाही.

इथे एक चूक बरेच जण करतात. चोवीस टप्पे आहेत ना, मग वर्षाचे चोवीस सारखे भाग करू. प्रत्येक भाग ३६५.२४२२ भागिले २४, म्हणजे सुमारे १५.२२ दिवसांचा. करून पाहू. २०२२ ची दोंगझी २२ डिसेंबरला पहाटे ५:४८ ला झाली. दोंगझीपासून छिंगमिंग सातवा टप्पा. सात गुणिले १५.२२ म्हणजे साधारण साडेएकशेसहा दिवस. उत्तर येतं ७ एप्रिल, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. खरा क्षण तर ५ एप्रिलच्या सकाळी होऊन गेलेला. दोन दिवसांहून जास्त चूक.

कारण असं की सारखे भाग कोनाचे आहेत, वेळेचे नाहीत. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा ती वेगाने पळते. त्या दिवसांत पंधरा अंश तोडायला पावणेपंधरा दिवसांपेक्षाही किंचित कमी वेळ लागतो. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर आणि मंद, तेव्हा तेच पंधरा अंश पावणेसोळा दिवस घेतात. दोंगझीपासून एप्रिलपर्यंतचा प्रवास वेगाच्या अर्ध्यातला, म्हणून छिंगमिंग सरासरीच्या आधीच येऊन ठेपतं.

गंमत म्हणजे चिनी पंचांगकर्ते स्वतः शतकानुशतकं सारखे भागच वापरत होते. इसवी सनापूर्वी १०४ मधल्या ताईछू पंचांगापासून चोवीस टप्पे अधिकृत गणितात आले आणि ते वेळेने समान असायचे. सूर्याची चाल असमान आहे हे त्यांच्या ज्योतिर्विदांना नंतर कळलं होतं, पण ग्रहणाचं गणित सोडून इतरत्र त्यांनी जुनीच विभागणी ठेवली. बदल झाला १६४५ मध्ये. छिंग राजवटीने जर्मन जेसुइट धर्मप्रचारक आदाम शाल यांच्या हातून तयार झालेलं पंचांग लागू केलं आणि तेव्हापासून टप्पे कोनाने मोजले जाऊ लागले. जुन्या ग्रंथांत याची खूण सापडते. हानशी, म्हणजे ‘थंड अन्नाचा’ सण, दोंगझीनंतर १०५ दिवसांनी, आणि त्यानंतर लगेच एकदोन दिवसांत छिंगमिंग, असं तिथे म्हटलेलं असतं. जुन्या साडेएकशेसहा दिवसांच्या हिशेबात ते चपखल बसतं. आज २२ डिसेंबर २०२२ पासून १०५ दिवस मोजले तर ६ एप्रिल येतो आणि छिंगमिंग आदल्याच दिवशी झालेलं असतं. आकाशात काहीच बदललं नाही, मोजायची रीत बदलली. सतराव्या शतकाआधीच्या चिनी तारखांवर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलं नाही तर दोन दिवसांची चूक ठरलेली.

आता उलट बाजूने पाहू. इंग्रजी तारखेत छिंगमिंग स्थिर, तर चिनी चांद्र तारखेत ते भटकायलाच हवं. तसंच होतं. २०२२ मध्ये ते तिसऱ्या महिन्याच्या ५ तारखेला आलं, २०२४ मध्ये दुसऱ्या महिन्याच्या २६ ला, २०२५ मध्ये तिसऱ्याच्या ७ ला. म्हणून चीनमधल्या कुणी तुम्हाला छिंगमिंगची चांद्र तारीख सांगितली तर ती फक्त त्याच वर्षापुरती धरा.

या यादीतून मी २०२३ मुद्दाम गाळलं, कारण त्या वर्षी सूर्य आणि चंद्र या दोन मोजण्या एकमेकींना कशा बांधल्या आहेत ते उघड दिसलं. चोवीस टप्प्यांपैकी तीसच्या पटीतले बारा मुख्य. छुनफन शून्यावर, गुयू तीसवर, असे. आपल्या भाषेत या बारा सायन संक्रांती. ढोबळमानाने नियम असा की ज्या चांद्र महिन्यात मुख्य टप्पा पडत नाही तो अधिक महिना. ओळखीचं वाटलं ना? आपला अधिक मास ठरवायचा नियम हाच आहे: ज्या महिन्यात संक्रांत नाही तो अधिक.

२०२३ चा हिशेब असा. मार्चची अमावास्या बीजिंगच्या वेळेने २२ मार्चला रात्री १:२३ ला संपली, म्हणून महिना सुरू झाला २२ मार्चला. पुढची अमावास्या २० एप्रिलला, म्हणजे हा महिना १९ एप्रिलला संपला. छुनफन झालं २१ मार्चला, महिना सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. गुयू आलं २० एप्रिलला, महिना संपल्यावर लगेच. मधल्या एकोणतीस दिवसांत एकही मुख्य टप्पा नाही. म्हणून तो अधिक दुसरा महिना ठरला आणि त्याच्या ऐन मध्यावर, १५ तारखेला, छिंगमिंग आलं. अधिक महिन्यात नेहमी असाच एक दुय्यम टप्पा मधोमध बसतो, कारण दोन्ही बाजूंचे मुख्य टप्पे महिन्याच्या बाहेर गेलेले असतात.

तीच अमावास्या आपल्यालाही लागू होती. २२ मार्च २०२३ ला आपला गुढीपाडवा होता. म्हणजे चिन्यांचा अधिक दुसरा महिना आणि आपला चैत्र एकाच दिवशी सुरू झाले. मग आपला चैत्र अधिक का नव्हता? कारण आपण निरयन संक्रांत पाहतो. मेष संक्रांत १४ एप्रिलला, चैत्रातच पडली. आपल्याला अधिक मास मिळाला तो श्रावण, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. नियम एकच, पण सूर्य मोजायचा आरंभबिंदू चोवीस अंशांनी वेगळा, म्हणून अधिक महिना वेगळ्या जागी पडला.

बीजिंगची वेळ, बीजिंगची वेळ, असं मी सारखं म्हणतो आहे, त्याला कारण आहे. अमावास्या असो की सौरटप्पा, तारीख ठरते ती जागतिक वेळेच्या आठ तास पुढच्या घड्याळावर. हेच २०२३ चं आकाश भारतीय वेळेने मांडा. अडीच तास वजा केले की अमावास्या २१ मार्चला रात्री १०:५३ ला येते आणि छुनफन २१ मार्चलाच पहाटे २:५४ ला. आता दोन्ही एकाच तारखेला आले. चिनी रीतीत अमावास्येचा दिवस हाच महिन्याचा पहिला दिवस, म्हणून छुनफन त्या महिन्यात जाऊन बसतं आणि तो महिना अधिक राहत नाही. त्याऐवजी मागचा, २० फेब्रुवारीला सुरू झालेला महिना मुख्य टप्प्याविना उरतो. घड्याळ अडीच तास सरकवलं की अधिक महिना अख्खा एक महिना मागे जातो.

ही चूक माझ्या हातून प्रत्यक्ष झाली आहे, छिंगमिंगच्याच बाबतीत. २०२२ साठी एका आयातदाराला सुट्ट्यांचा तक्ता करून दिला होता. ग्रहगणिताचा संच वेळ जागतिक वेळेत देतो. त्यात सूर्य पंधरा अंशांवर ४ एप्रिलला सायंकाळी ७:२० ला येत होता आणि मी आठ तास मिळवायचं विसरून ४ एप्रिल लिहून मोकळा झालो. बीजिंगला ती वेळ ५ एप्रिलची पहाट, ३:२० ची. सुदैवाने पलीकडच्या माणसाने फोन करून विचारलं आणि तक्ता दुरुस्त झाला. तेव्हापासून मी प्रत्येक ओळीत वेळेबरोबर ‘बीजिंग’ असा वेगळा रकाना ठेवतो. तुमच्या मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये २०२६ चं छिंगमिंग ४ एप्रिलला दिसलं तर पहिला संशय याच चुकीचा घ्या. जागतिक वेळेत तो क्षण ४ तारखेच्या सायंकाळी ६:४० ला आहे, बीजिंगला तो ५ तारखेच्या पहाटे.

आणखी एक बारीक गोष्ट, तुमच्यात कुणी स्वतः गणित करणारं असेल तर. मुख्य टप्पा महिन्यात पडला की नाही हे तारखांनी तपासायचं, क्षणांनी नाही. २०२५ मध्ये ऑगस्टची अमावास्या २३ तारखेला दुपारी २:०६ ला होती आणि दीडशे अंशांचा चुशू हा टप्पा त्याच दिवशी पहाटे ४:३४ ला, म्हणजे अमावास्येच्या साडेनऊ तास आधी. क्षणांची तुलना केली तर चुशू जुन्या महिन्यात जातो. पण २३ ऑगस्ट हा अख्खा दिवस नव्या महिन्याचा पहिला दिवस, म्हणून चुशू नव्या, सातव्या महिन्याचा. त्यामुळेच २५ जुलैला सुरू झालेला महिना रिकामा राहिला आणि अधिक सहावा ठरला. क्षणांवर चालणारा प्रोग्राम इथे हमखास चुकतो.

हे दोन हिशेब शेजारी शेजारी ठेवायची गरज का पडली, हेही ओघाने येतं. चांद्र तारीख ऋतू सांगू शकत नाही. दुसऱ्या महिन्याची २० तारीख एका वर्षी मार्चच्या मध्यावर, तर दुसऱ्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास असते. शेतकऱ्याला बी कधी टाकायचं ते यावरून कसं कळणार? हांगझोच्या लोंगजिंग चहाकडे पाहा. छिंगमिंगच्या आधी खुडलेल्या पानांना मिंगछिएन म्हणतात. ती कोवळी, कमी आणि महाग. छिंगमिंगनंतर गुयूपर्यंतचा खुडा वेगळ्या नावाने, कमी भावाने जातो. झाडाला पालवी फुटते ती ऊन आणि उबेमुळे, म्हणून भावाची रेघ सूर्याच्या टप्प्यावर मारली जाते. मात्र या टप्प्यांची नावं पीत नदीच्या खोऱ्यातल्या हवामानावरून पडली आहेत. दक्षिणेत, तुमच्या शेन्झेनकडे, थंडी आणि पाऊस त्या नावांप्रमाणे येत नाहीत. अंश तेच, हवा वेगळी.

तुमच्या कामापुरतं बोलायचं तर छिंगमिंगची तारीख आणि सुट्टीचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तारीख आकाशावरून, कितीही वर्षं आधी काढता येते. सुट्टी कशी जोडायची ते सरकार ठरवतं. २००८ पासून मुख्य भूमीवर हा दिवस सार्वजनिक सुट्टीचा आहे, पण २०२३ मध्ये एकच दिवस, बुधवार, सुट्टी होती. २०२४ मध्ये ४ ते ६ एप्रिल सलग सुट्टी देऊन ७ तारखेच्या रविवारी काम ठेवलं होतं. हे वेळापत्रक आधीच्या वर्षाच्या अखेरीस जाहीर होतं. तोवर तक्त्यात फक्त छिंगमिंगचा दिवस पक्का लिहा, आजूबाजूचे दिवस पेन्सिलीने. आणि पुरवठादाराला थेट विचारा की त्यांचे कामगार गावी कबरी साफ करायला जाणार आहेत का. कारखाना सुरू असला तरी पॅकिंगची माणसं त्या दिवसांत गावी गेलेली असू शकतात.